पार्लरच्या ताईंना अपॉइंटमेंट ॲपचं प्रपोजल पाठवताना: टप्पे कसे पाडायचे, पैसे कसे लिहायचे

नाशिकमधल्या एका लेडीज पार्लरसाठी मी अपॉइंटमेंटचं ॲप केलं त्याला आता बरेच महिने झाले, पण अजूनही कोणी नवीन फ्रीलान्सर भेटला की ॲपबद्दल कमी आणि त्या आधी पाठवलेल्या मेलबद्दलच जास्त विचारतो, म्हणजे पैसे कसे सांगितले, टप्पे कसे पाडले, ताई हो कशा म्हणाल्या वगैरे. म्हणून तो मेल कसा तयार झाला ते सगळं इथे लिहितेय, आकड्यांसकट.

आधी माझी एक चूक सांगते. त्याच्या दोन वर्षं आधी एका क्लिनिकला मी एका ओळीचं प्रपोजल दिलं होतं, "अपॉइंटमेंट बुकिंग ॲप, ₹६०,०००, दीड महिना". डॉक्टर लगेच हो म्हणाले, मी खूश. मग हळूहळू कळलं की त्यांच्या डोक्यातल्या ॲपमध्ये बिल होतं, रिपोर्टचे फोटो होते, औषधांचा स्टॉक होता, आणि त्यांचं म्हणणं चुकीचंही नव्हतं कारण मी कुठे लिहिलं होतं की हे नाही म्हणून? काम पाच महिने चाललं, शेवटचे वीस हजार आलेच नाहीत. तेव्हापासून मी मेलमध्ये काय करणार हे जेवढं लिहिते तेवढंच काय करणार नाही हेही लिहिते.

मेलच्या आधी: डायरी बघा

ताईंचा पहिला फोन आला तेव्हा त्यांचं वाक्य होतं, "मला ते सलूनवाल्यांचं असतं तसं ॲप पाहिजे, कस्टमर घरून बुक करतात ते, किती होतील?" इथे आकडा सांगायचा नाही. मी म्हटलं ताई, परवा दुपारी येते, दोन तास नुसती बसते, चालेल का?

पार्लरमध्ये तीन खुर्च्या, फेशियलचा एकच बेड, ताई आणि दोन मुली. सोमवारी बंद. बुकिंग म्हणजे काउंटरवरची एक लांबडी डायरी, ताईंचा व्हॉट्सॲप आणि ताईंचं डोकं, आणि यातलं तिसरं सगळ्यात जास्त चालतं. मी मागच्या एका आठवड्याची पानं ताईंसमोरच मोजली. ७४ नोंदी होत्या. १९ ठिकाणी खाडाखोड, म्हणजे वेळ बदललेली. ९ बायका आल्याच नाहीत, त्यातल्या ४ वेळा आयत्या वेळी दुसरं कोणीतरी आलं म्हणून खुर्ची भरली, ५ वेळा रिकामी राहिली. ताईंचं सरासरी बिल ₹६०० धरलं तर आठवड्याला ₹३,०००, महिन्याला साधारण ₹१२,००० हातचे गेले. हा आकडा मी सांगितला नाही, ताईंनीच कॅल्क्युलेटरवर काढला आणि मग थोडा वेळ गप्प बसल्या.

सगळे ९ नो-शो गुणिले ६०० करून मोठा आकडा दाखवायचा मोह होतो, तो करू नका. धंदा करणाऱ्या माणसाला आपल्या गल्ल्याचा अंदाज तुमच्यापेक्षा जास्त असतो, एकदा फुगवलेला आकडा दिसला की पुढचे सगळे आकडे त्याच नजरेने वाचले जातात.

त्या दोन तासांत अजून दोन गोष्टी दिसल्या ज्या फोनवर कधीच कळल्या नसत्या. एक म्हणजे हेअर कलर. लावायला ३० मिनिटं, मग ३५ मिनिटं बाई नुसती बसून, मग धुवून सुकवायला २५ मिनिटं, म्हणजे डायरीत ९० मिनिटं पण मधली ३५ मिनिटं मुलगी मोकळी, आणि ताई त्या वेळात तिच्याकडून दोन आयब्रो करून घेतात. साधं कॅलेंडर लावलं तर ते मुलीला पूर्ण ९० मिनिटं बिझी दाखवणार आणि ताई म्हणणार तुमच्या ॲपमुळे माझा धंदा कमी झाला. दुसरी गोष्ट बेडची. मुली दोन मोकळ्या असल्या तरी बेड एकच, त्यामुळे एका वेळी दोन फेशियल घेता येत नाहीत. म्हणजे वेळ मोकळी आहे का हे तपासताना माणूस आणि जागा दोन्ही बघायचं. या दोन गोष्टींनी माझा अंदाज दहा-बारा तासांनी वाढला, त्या न बघता आकडा दिला असता तर ते तास माझ्या खिशातून गेले असते.

आणि हो, तयार सॉफ्टवेअर का नाही हेही तिथेच विचारून घ्या. बाजारात सलूनची तयार सॉफ्टवेअर भरपूर आहेत, महिना भाडं भरायचं, काहींमध्ये ही कलरच्या मधल्या वेळेची सोयसुद्धा असते. ताईंनी एक वापरून सोडलं होतं कारण सगळं इंग्रजीत, आणि एक बुकिंग टाकायला इतक्या गोष्टी भरायला लागायच्या की मुली परत डायरीवर गेल्या. हे कारण खरं असेल तरच स्वतःचं ॲप करायला अर्थ आहे. नाहीतर सरळ सांगा की ताई तयार घ्या, मी लावून देते, दोन दिवसांचे पैसे द्या.

टप्पे कुठे तोडायचे

आपल्याला सवय असते की आधी डेटाबेस, मग ॲडमिन, मग ग्राहकाची बाजू, असे टप्पे पाडायचे. ताईंच्या दृष्टीने याला काही अर्थ नाही, कारण पहिला टप्पा संपल्यावर त्यांच्या हातात काय येतं? काहीच नाही. माझा नियम असा की प्रत्येक टप्पा संपल्यावर ताईंनी तिथेच थांबायचं ठरवलं तरी त्यांचे पैसे वाया गेले असं वाटायला नको.

म्हणून पहिला टप्पा फक्त डायरीची जागा घेणारा. काउंटरवरच्या टॅबमध्ये आजचा दिवस दिसतो, मुली मराठीत बुकिंग टाकतात, वेळ किंवा बेड आडवा आला तर ॲप सांगतं, आणि आदल्या दिवशी आठवण पाठवायचं एक बटण. ग्राहकाला यात काहीच दिसत नाही. ताईंना हवं होतं ते "घरून बुक करतात ते" दुसऱ्या टप्प्यात गेलं, आणि हे त्यांना पटवावं लागलं. कारण साधं आहे, मुली टॅबमध्ये नीट नोंद करतच नसतील तर बाहेरच्या बाईला मोकळी दिसणारी साडेपाचची वेळ खरी मोकळी असणारच नाही, कारण ती डायरीत कोणाला तरी दिलेली असेल, आणि मग दारात दोघी उभ्या. आधी आतली सवय, मग बाहेरचं दार.

आठवणीचं बटण पहिल्या टप्प्यात मुद्दाम टाकलं, कारण बारा हजारांचं नुकसान तिथे आहे आणि ते करायला चारच तास लागतात. ते असं चालतं की बटण दाबलं की व्हॉट्सॲप उघडतं, मेसेज आधीच लिहिलेला असतो, मुलीने फक्त पाठवायचं. मागे एक साधी लिंक असते:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=...
```

याला एक पैसा लागत नाही. दिवसाला दहा-बारा मेसेज, पाच मिनिटांचं काम. आपोआप जाणारे मेसेज हवे असतील तर व्हॉट्सॲपची अधिकृत बिझनेस सेवा घ्यावी लागते, त्यात धंद्याची पडताळणी आली, मेसेजचा मजकूर मंजूर करून घेणं आलं आणि मेसेजमागे पैसे आले. त्यातही एक गंमत आहे, अपॉइंटमेंटची आठवण ही स्वस्त प्रकारात बसते, पण त्याच मेसेजमध्ये ताईंनी "सोबत क्लीनअपवर २०% सूट" असं घुसडलं की तो जाहिरातीच्या प्रकारात जातो आणि दर वाढतो. म्हणून हे तिसऱ्या टप्प्यात, आणि मेसेजचे दर मी मेलमध्ये लिहिलेच नाहीत, ते बदलत राहतात, तिथे "प्रत्यक्ष येईल तेवढं" एवढंच.

एसएमएसचा विचार केला आणि सोडला. आपल्याकडे धंद्याचा एसएमएस पाठवायचा तर आधी टेलिकॉम कंपन्यांच्या डीएलटी यंत्रणेवर नोंदणी करावी लागते, पाठवणाऱ्याचं नाव आणि प्रत्येक मजकूर तिथे मंजूर व्हावा लागतो. एका पार्लरसाठी हा व्याप नको. याच कारणाने दुसऱ्या टप्प्यात ओटीपीही नाही ठेवला, त्याऐवजी बाहेरून आलेली वेळ आधी "विनंती" म्हणून येते आणि ताई हो म्हणाल्या की पक्की होते. ताईंना उलट हेच आवडलं, कारण काही गिऱ्हाइकांना त्यांना मुद्दाम उशिराची वेळ द्यायची असते, कारणं विचारू नका.

आकडा कसा काढला

माझा दर तासाला ₹५००. तुमचा वेगळा असेल, पण पद्धत अशी की टप्प्यातलं प्रत्येक काम लिहायचं आणि त्याच्यापुढे तास. पहिल्या टप्प्यात सेवा आणि त्यांच्या वेळा ६ तास, दिवसाची स्क्रीन १४, बुकिंग टाकणं-बदलणं-रद्द करणं आणि आडवं येतंय का ते तपासणं १६, आठवणीचं बटण ४, ताईंचा आणि मुलींचा वेगळा लॉगिन ४, टॅबवर बसवणं, मुलींना शिकवणं आणि डायरीतल्या पुढच्या तारखा टॅबमध्ये घेणं ६, आणि तपासणी-दुरुस्ती १०. बेरीज ६० तास, ₹३०,०००. आठवड्याला २० तास धरले तर तीन आठवडे.

यातली शेवटची दोन कामं नवीन लोक हमखास विसरतात. शिकवणं आणि डायरीतल्या तारखा आत घेणं हे काम दिसत नाही पण तेच झालं नाही तर पहिल्या शनिवारी डायरी परत काउंटरवर येते.

पुढच्या टप्प्यांना मी पक्का आकडा दिला नाही, पट्टा दिला. दुसरा ₹३०,००० ते ₹३८,०००, तिसरा ₹२०,००० ते ₹२८,०००. पट्टा का ते मेलमध्येच लिहिलं, कारण नुसता पट्टा दिला की माणसाला वाटतं ही जास्तीतलाच घेणार. खरं कारण हे की पहिला टप्पा सहा आठवडे वापरल्यावर काय लागणार आणि काय नाही हे ताईंनाही नव्याने कळणार असतं, तेव्हा आजच पक्का आकडा दिला तर एकतर मी भीतीपोटी जास्त लावणार किंवा नंतर भांडण होणार.

वरचे खर्च वेगळे ठेवायचे, माझ्या मजुरीत मिसळायचे नाहीत. डोमेन, सर्व्हर, नंतरच्या टप्प्यात पेमेंट गेटवेचा कट. ॲडव्हान्स घ्यायचा म्हटलं तर गेटवे साधारण दोन टक्के आणि त्या फीवर जीएसटी घेतो, म्हणजे ₹२०० च्या ॲडव्हान्समागे चार-पाच रुपये, छोटा आकडा आहे पण आधी सांगितलेला नसला की पहिल्या महिन्यात फोन येतो, "पैसे कमी का आले?"

प्ले स्टोअरचा प्रश्न येणारच आहे, तोही मेलमध्येच संपवा. मी वेबवर चालणारं ॲप केलं, जे टॅबच्या होम स्क्रीनवर आयकॉन होऊन बसतं. प्ले स्टोअरवर टाकायचं तर २५ डॉलर एकदाच, पण वैयक्तिक नवीन खातं असेल तर आधी १२ माणसांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते, आणि ॲपलचे तर वर्षाला ९९ डॉलर. आणि महिन्यातून एकदा आयब्रोला येणारी बाई त्यासाठी ॲप डाउनलोड करेल का? लिंक उघडेल फार तर.

आता मेल

विषयाच्या ओळीतच आकडा आणि वेळ टाकते, कारण ताई मेल वाचतील न वाचतील, विषय नक्की दिसतो. आणि भाषा ताईंची, "मॉड्यूल" आणि "बॅकएंड" असले शब्द एकदाही नाहीत.

> विषय: पार्लरची अपॉइंटमेंट: पहिला टप्पा ₹३०,०००, ३ आठवडे. पुढचे दोन टप्पे तुमच्या मर्जीवर
>
> नमस्कार ताई,
>
> गुरुवारी तुमच्याकडे बसून डायरी बघितली त्यावरून हे लिहितेय. त्या आठवड्यात ७४ बुकिंग होती, ९ जणी आल्या नाहीत आणि त्यातल्या ५ वेळा खुर्ची रिकामी राहिली. तुमच्या हिशेबाने महिन्याला साधारण ₹१२,०००. सगळं नुकसान ॲपने थांबणार नाही, पण आदल्या दिवशी आठवण गेली तर त्यातलं काही नक्की वाचेल.
>
> काम तीन टप्प्यांत करूया. प्रत्येक टप्पा संपल्यावर तुम्ही थांबू शकता, पुढचा घ्यायलाच पाहिजे असं नाही.
>
> टप्पा १, डायरीच्या जागी टॅब. ₹३०,०००, ३ आठवडे. आजच्या आणि पुढच्या सगळ्या वेळा टॅबवर, मराठीत. बुकिंग टाकणं, बदलणं, रद्द करणं. एका वेळी दोन फेशियल किंवा एकाच मुलीला दोन कामं दिली तर ॲप अडवेल. हेअर कलरच्या मधल्या ३५ मिनिटांत मुलगी मोकळी दिसेल. आदल्या दिवशी व्हॉट्सॲपवर आठवण पाठवायचं बटण, मेसेज तयार असेल, पाठवायचं मुलींनी. तुमचा लॉगिन वेगळा, मुलींचा वेगळा. मी एका सोमवारी येऊन डायरीतल्या पुढच्या तारखा टॅबमध्ये टाकून देईन आणि मुलींना शिकवेन.
>
> टप्पा २, घरून बुकिंग. ₹३०,००० ते ₹३८,०००, साधारण ४ आठवडे. एक लिंक, जी तुम्ही व्हॉट्सॲपवर आणि इन्स्टावर टाकू शकता. बाई सेवा निवडते, मोकळी वेळ निवडते, तुमच्याकडे विनंती येते, तुम्ही हो म्हटलं की पक्की. नंबर कशासाठी घेतोय हे त्या पानावर एका ओळीत लिहिलेलं असेल.
>
> टप्पा ३, आपोआप आठवण आणि ॲडव्हान्स. ₹२०,००० ते ₹२८,०००, साधारण ३ आठवडे. मेसेज आपोआप जातील, मोठ्या कामांना यूपीआयने ॲडव्हान्स घेता येईल. मेसेजचे आणि पेमेंट कंपनीचे पैसे प्रत्यक्ष येतील तेवढे वेगळे, ते थेट तुमच्या खात्यातून.
>
> टप्पा २ आणि ३ चा पक्का आकडा आज देत नाही, कारण टॅब दीड महिना वापरल्यावर नेमकं काय लागतंय ते तुम्हालाच माझ्यापेक्षा चांगलं कळेल. तेव्हा पक्का आकडा लिहून देईन आणि तो या पट्ट्याच्या बाहेर जाणार नाही, जोपर्यंत काम हेच आहे.
>
> दर महिन्याचा खर्च. सर्व्हर, रोजची डेटाची कॉपी आणि महिन्यात दोन तासांपर्यंत छोट्या दुरुस्त्या मिळून ₹१,५००. पहिले दोन महिने नाही. डोमेन वर्षाला हजाराच्या आत, ते तुमच्या नावाने आणि तुमच्या ईमेलवर घ्यायचं.
>
> यात काय नाही. बिल आणि जीएसटीचा हिशेब, क्रीम-शॅम्पूचा स्टॉक, मुलींचा पगार आणि हजेरी, प्ले स्टोअरवरचं ॲप, जाहिरातीचे मेसेज. यातलं काही हवं असेल तर करता येईल, पण त्याचा आकडा वेगळा.
>
> तुमच्याकडून लागेल. सगळ्या सेवांची यादी, प्रत्येकीला लागणारा खरा वेळ आणि भाव. एक टॅब, दहा इंची असेल तर बरं, आणि वायफाय. यादी मिळाल्या दिवसापासून तीन आठवडे धरायचे.
>
> पैसे. सुरुवातीला ₹१२,०००. टॅब पार्लरमध्ये सलग ७ दिवस चालला की ₹१८,०००. मी जीएसटीत नोंदणीकृत नाही, त्यामुळे वर काही लागणार नाही. मधेच काही बदल हवा असेल आणि तो तासाभरात होणार असेल तर असाच करून देईन, जास्त असेल तर आधी तास सांगेन, तुम्ही हो म्हटल्यावरच करेन, तासाला ₹५००.
>
> ग्राहकांचे नंबर आणि नोंदी तुमच्या. कधीही मागितल्या तर एक्सेलमध्ये मिळतील, माझं काम बंद केलं तरी.
>
> हे आकडे महिनाभर धरून चालू. पटलं तर याच मेलला "टप्पा १ मान्य" एवढंच लिहून पाठवा.

मेल पाठवला की तिथेच थांबायचं नाही. मी ताईंना व्हॉट्सॲपवर लिहिलं, "ताई मेल टाकलाय, फक्त टप्पा १ आणि 'यात काय नाही' हे दोन वाचा, बाकी नंतर". व्हॉट्सॲपवरच सगळं का नाही पाठवलं? कारण तिथे तीन महिन्यांनी काही सापडत नाही. ताईंनी लेकीला वाचायला लावला, लेकीने फोन केला, दोन प्रश्न विचारले, दोन्ही सर्व्हरबद्दल.

"७ दिवस चालला की" ही ओळ मला जास्त महत्त्वाची वाटते. आधी मी "काम पूर्ण झाल्यावर" लिहायची आणि मग पूर्ण म्हणजे काय यावर वाद. सात दिवस चालला की नाही हे दोघींनाही दिसतं, टॅबमधल्या नोंदी उघडल्या की संपलं. मोजायचं सोपं, रोज संध्याकाळी डायरी बघायची, त्यात नवीन पान लिहिलेलं दिसलं तर टॅब चाललेला नाही. आमचा पहिला आठवडा असाच गेला, शनिवारी गर्दीत मुलींनी डायरी काढली होती, कारण नाव टाइप करायला वेळ लागत होता. नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले की जुनी गिऱ्हाईक समोर येईल असं केलं, तीन तास गेले, ते तपासणीच्या दहा तासांतूनच, आणि सात दिवस परत पहिल्यापासून मोजले.

"थोडं कमी करा ना"

हे येतंच. ताई म्हणाल्या पंचवीसमध्ये करून टाक. इथे दर कमी केला तर आधीचा आकडा उगाचच होता असा अर्थ होतो, आणि पुढच्या प्रत्येक आकड्याला पाच हजार कमी करून वाचलं जातं. मी तासांची यादी उघडली आणि म्हटलं ताई काम कमी करूया. वेगळा लॉगिन नको, सगळ्यांना एकच, ₹२,००० गेले. डायरीतल्या तारखा टॅबमध्ये मुलींनी टाकायच्या, मी फक्त शिकवायला येते, तिथे तीन तास, ₹१,५०० गेले. म्हणजे ₹२६,५००. ताईंनी थोडा विचार केला आणि लॉगिन परत मागितला, कारण मुलींना महिन्याचा एकूण आकडा दिसायला नको होता. तारखांचं काम मुलींवर गेलं. ₹२८,५०० वर ठरलं, पहिला हप्ता बाराच ठेवला, उरलेले साडेसोळा नंतर. हे सगळं मी परत दोन ओळींच्या मेलमध्ये लिहून पाठवलं, काय काढलं ते नावासकट, कारण पुढे मुलींनी तारखा टाकल्या नाहीत तर ते काम कोणाचं हे स्पष्ट असावं. त्यांनी अर्ध्याच टाकल्या, तो भाग वेगळा.

दीड महिन्याने दुसऱ्या टप्प्याचा मेल लिहायला बसले तेव्हा टॅबमधल्या नोंदी काढल्या. आठवड्याला न येणाऱ्या ९ वरून ४ वर आल्या होत्या, नुसत्या त्या बटणाने. मग आपोआप मेसेजसाठी पैसे घालायचं कारणच उरलं नाही, तिसऱ्या टप्प्यातला तो अर्धा भाग मीच काढून टाकला. ॲडव्हान्स फक्त ब्रायडलला हवा होता, महिन्याला चार-पाच बुकिंग, त्यासाठी गेटवे कशाला, ताई यूपीआयचा क्यूआर पाठवतात आणि पैसे आले की टॅबमध्ये टिक करतात. तो टिक करायचा चौकोन दुसऱ्या टप्प्यातच बसवला, एकूण ६६ तास, ₹३३,०००, आणि मेलच्या विषयात यावेळी लिहिलं, "टप्पा २ पक्का आकडा, टप्पा ३ रद्द". ताईंचं उत्तर आलं, "मान्य. सोमवारी ये, आणि ते हो-नाहीचं बटण मोठं कर, चष्मा लागतो".